नळीवरचे नाव

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मी गिरगावातल्या चाळीत मावशीच्या शेजारी हळदीकुंकवाला बसले होते. पितळी ताटात तिळाच्या वड्या होत्या, वर ओल्या खोबऱ्याचा कीस, आणि वेलदोड्याचा वास थेट गॅलरीपर्यंत पोचला होता. घरच्या बाईंनी एकेकीच्या हातावर वडी ठेवत ठेवत मावशीपाशी येऊन हळदकुंकू लावले, वाण म्हणून स्टीलची छोटी वाटी दिली आणि ताट पुढच्या बाईकडे नेले. मावशीचा हात वडीसाठी अर्धवट पुढे आलेला होता. ‘‘तुम्हांला आता चालत नाही ना, म्हणून नाही दिली हो,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. मावशीने हात पदराखाली घेतला. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. खोलीत आल्यावर दिवा लावून म्हणाली, ‘‘मला काय झालंय, ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.’’

झाले होते ते एवढेच. डिसेंबरच्या अखेरीस तिच्या डॉक्टरांनी वयाकडे पाहून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सांगितली होती, आणि गुडघे दुखतात म्हणून तिने एका प्रयोगशाळेचा माणूस घरी बोलावला होता. तो सकाळी साडेसातला आला तेव्हा गॅलरीत पाणी भरण्याची गडबड होती. खोली क्रमांक पुसट झालेला असल्यामुळे त्याने जिन्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने विचारले, ‘‘शुगरची टेस्ट कुणाकडे आहे?’’ चार दारांतून चार माना बाहेर आल्या, आणि एकीने तत्परतेने मावशीचे दार दाखवले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात आकडा होता ५.५. ही तपासणी ५.७ च्या आत असली की साखर ठीक समजतात. म्हणजे मावशीला मधुमेह नव्हताच. पण अहवाल तिच्या पर्समध्ये होता, तपासणीचे नाव मात्र मजलाभर पसरले होते, आणि लोकांनी त्या नावावरूनच निदान करून टाकले होते. त्यानंतर तिने घरी माणूस बोलावणे बंद केले. उपाशी पोटी, दुखऱ्या गुडघ्यांनी ती टॅक्सी शोधत निघायची.

मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक काम आले. मी बावीस वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिते, निम्मा मराठीत. दहिसरपासून गिरगावापर्यंत केंद्रे असलेल्या एका प्रयोगशाळेला घरी येऊन रक्ताचा नमुना घेण्याच्या सेवेची जाहिरात हवी होती: वर्तमानपत्रात पाव पान, आणि सोसायट्यांच्या फलकांवर लावायला एक पत्रक. त्यांच्या विपणन अधिकाऱ्याने कागदावर दोन शब्द ठळक लिहून आणले होते, ‘गोपनीय’ आणि ‘१०० टक्के अचूक’. त्याखाली मथळ्याचा एक नमुनाही होता: ‘तुम्ही झोपता, आजार झोपत नाही.’ शेजारी छाती धरून बसलेल्या माणसाचे चित्र. तो मनाने चांगला मुलगा होता. त्याचे म्हणणे असे, की लोक घाबरल्याशिवाय रक्त तपासत नाहीत.

असे मथळे मीही लिहिले आहेत, आणि ते चालतात हेही मला माहीत आहे. म्हणून मी त्याला लगेच नाही म्हणाले नाही. आधी प्रयोगशाळेच्या प्रमुख पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंना भेटायला अंधेरीला गेले. त्यांच्या खोलीत स्पिरिटचा आणि चहाचा मिसळलेला वास होता, आणि बाजूच्या दालनातून यंत्रांची एकसुरी घरघर येत होती. मी मथळा वाचून दाखवला. त्यांनी मला विचारले, की अहवालात आकड्यासमोर जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते ती ठरते कशी, हे तुम्हांला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हते. बहुतेक तपासण्यांसाठी निरोगी माणसांचा एक गट घेतात, त्यांचे आकडे मांडतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथपर्यंत येतात ती मर्यादा धरतात. याचा अर्थ असा, की धडधाकट माणसांपैकीही वीसात एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर पडतो, आणि अहवालात तो ठळक होऊन येतो. आता तुमच्या मथळ्याने घाबरलेला माणूस एक तपासणी करायला येत नाही, तो साठ तपासण्यांचे पॅकेज घेतो. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडले. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता शंभरात ३६. उरलेल्या ६४ जणांच्या अहवालात निदान एक तरी ठळक आकडा असणार. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा जरा बदलतो. पण वीसाच्या साठ केल्या की तो कुठल्या बाजूला जातो हे सांगायला नको.

‘‘म्हणजे घाबरवून आणायचं, आणि घाबरवून पाठवायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यानंतरचे फोन माझ्या टेबलावर येतात.’’

मी त्याच संध्याकाळी पॅकेजचा उल्लेख आणि छाती धरलेला माणूस, दोन्ही वगळण्याचे पत्र पाठवले. जाहिरात ज्यांना डॉक्टरांनी तपासणी सांगितलेलीच आहे पण केंद्रापर्यंत जाणे ज्यांना कठीण आहे, अशांसाठी असावी, असे मी लिहिले. त्या माणसाच्या मनात भीती आधीच असते. ती आपण वाढवायची नाही. अधिकाऱ्याने पॅकेजवर वाद घातला. शेवटी त्यासाठी वेगळी जाहिरात वेगळ्या वेळी करू, असे ठरले. मला ते पूर्ण पटले नाही, पण हातातले काम तरी स्वच्छ झाले.

मग ‘अचूक’ या शब्दाकडे वळलो. डॉक्टरबाईंनी ‘१०० टक्के’वर काट मारली आणि सांगितले, की असे लिहिलेल्या कागदावर त्या सही करणार नाहीत. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. रोज सकाळी ठरावीक आकड्याचे नमुने यंत्रात घालून ते बरोबर वाचते की नाही हे पाहिल्याशिवाय एकही नळी आत जात नाही. पण चुका बहुतेक वेळा नळी यंत्रापाशी पोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. घरून येणाऱ्या नमुन्याच्या बाबतीत तर तो आधीचा प्रवासच मोठा. आदल्या जुलैतली एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि माझ्या मते त्या जाहिरातीचा अर्धा मजकूर तिथे तयार झाला.

दहिसरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा नमुना सकाळी साडेसहाला घेतला होता. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांनी पोटॅशियम पाहायला सांगितले होते. त्या दिवशी पावसाने रस्ते तुंबले, आणि नळी दुपारी दीडनंतर पोचली. आकडा आला ५.९; सामान्य मर्यादा साधारण ५ च्या आसपास संपते. एवढे पोटॅशियम खरेच असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून अहवाल पाठवण्याआधी बाईंनी नळी स्वतः हातात घेतली. असा वाढीव आकडा दिसला की पहिली शंका रक्तपेशी फुटल्याची येते. सुई फार बारीक असेल, सिरिंज जोरात दाबली असेल किंवा नळी खळखळ हलवली असेल तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर सांडते. तसे झाले असेल तर वरचे पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, गुलाबी दिसते. इथे ते अगदी स्वच्छ पिवळे होते. त्यांनी नमुना घेणाऱ्या मुलाला बोलावून पिशवी दाखवायला सांगितली. पाऊस आहे, उशीर होणार, हे ओळखून त्याने काळजीपोटी नळी बर्फाच्या पाकिटाला अगदी चिकटवून ठेवली होती. तोच घोटाळा. पेशीच्या आत पोटॅशियम धरून ठेवणारी जी यंत्रणा असते ती थंडीत मंदावते. पेशी फुटत नाहीत, पण पोटॅशियम हळूहळू झिरपून बाहेर येते. सीरम स्वच्छ दिसते आणि आकडा खोटा निघतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा नमुना घ्यायला लावला, तो वेळेत वेगळा केला, आणि आकडा आला ४.३.

थंड म्हणजे ताजे, ही आपली स्वयंपाकघरातली समजूत इथे चालत नाही. पण म्हणून बर्फ वाईट असेही नाही. रक्तातला अमोनिया पाहायचा असेल तर नळी ताबडतोब बर्फातच ठेवावी लागते आणि काही मिनिटांत यंत्रावर फिरवावी लागते, म्हणूनच ती तपासणी घरून घेणे शहाणपणाचे नाही. साखरेचे तिसरेच. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण पाच ते सात टक्के, आणि दुपारपर्यंत मधुमेह्याचा आकडाही सोज्वळ दिसू लागतो. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची वेगळी नळी असते. तिच्यातल्या फ्लोराइडमुळे हे खाणे थांबते, तेही लगेच नाही, तास-दोन तासांनी पुरते थांबते. त्या पावसानंतर प्रयोगशाळेने बोरिवली, दादर आणि गिरगाव या केंद्रांवर एकेक छोटे सेंट्रिफ्यूज बसवले. रक्त अर्धा तास गोठू द्यायचे, मग तिथेच फिरवून सीरम वेगळे करायचे, आणि हे सारे नमुना घेतल्यापासून दोन तासांच्या आत. वेगळे झालेले सीरम मग अंधेरीच्या वाहतुकीत अडकले तरी बिघडत नाही.

हे ऐकताना मला सारखे वाटत होते, की ‘अचूक’ या एका शब्दात यातले काहीच मावत नाही. वाचणाऱ्याला तो शब्द तपासून पाहता येत नाही. तो फक्त मानता येतो. आणि जे फक्त मानावे लागते त्याने घाबरलेल्या माणसाला धीर येत नाही.

म्हणून एके दिवशी पहाटे पावणेसहाला मी बोरिवलीच्या केंद्रावर जाऊन एका टेक्निशियनबरोबर निघाले. पंचविशीतला मुलगा, मूळ चिपळूणचा, स्कूटरच्या पुढे पिशवी. पहिली इमारत वीस मजल्यांची होती. फाटकावरच्या वहीत नाव, वेळ, खोली क्रमांक आणि ‘कशासाठी’ असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात त्याने सवयीने ‘ब्लड टेस्ट’ लिहिले. मी ती वही थोडी चाळली. त्या पानावर कोणत्या घरात नर्स आली, कोणाकडे ऑक्सिजनचे सिलिंडर आले, कोणाकडे वकील आले, सारे होते, आणि वही फाटकातल्या टेबलावर उघडी पडलेली. वॉचमनने इंटरकॉम उचलून मोठ्याने सांगितले, ‘‘ब्लडवाले आलेत.’’ लिफ्टमध्ये फिरायला निघालेले दोघे गृहस्थ त्याच्या पिशवीवरचे मोठे बोधचिन्ह वाचत होते आणि मग त्याने दाबलेल्या मजल्याच्या आकड्याकडे पाहत होते. गिरगावातल्या जिन्यावर जे एका हाकेने झाले, तेच इथे वही, इंटरकॉम आणि लिफ्ट यांनी मिळून केले होते.

घर एका वृद्ध जोडप्याचे होते. दोघांचेही रक्त घ्यायचे होते. आजोबांना कमी ऐकू येत होते. मुलाने त्यांना विचारले, ‘‘आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.’’ आजोबांनी मान डोलावली. त्याने कानाशी जाऊन पुन्हा विचारले, आणि त्यांच्या तोंडून नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही निघाल्यावरच त्याने फोनवरच्या नोंदीशी ते ताडून पाहिले. मी नंतर त्याला विचारले, की ‘तुम्ही अमुक अमुकच ना’ असे विचारले असते तर लवकर झाले नसते का. तो म्हणाला, ‘‘लवकर झालं असतं. पण ते ‘हो’च म्हणाले असते. कुठलंही नाव घेतलं असतं तरी ‘हो’च म्हणाले असते.’’ त्याने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवून ते वाळेपर्यंत थांबला, आणि रक्त येऊ लागताच पट्टा सोडला. तो मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवला तरी काही आकडे बदलतात. जांभळ्या टोपणाची नळी त्याने आठ-दहा वेळा नुसती उलटी-सुलटी केली, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावे तशी. मग आजोबांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून, त्यांच्यासमोर टेबलावरच नळ्यांना लावल्या, आणि त्या नळ्या खणात ठेवल्यानंतरच आजींसाठीच्या कोऱ्या नळ्या बाहेर काढल्या.

चिठ्ठ्या घरूनच लावून आणल्या तर वेळ वाचतो, हे त्याने कबूल केले, आणि काही जण तसे करतातही. पण एका घरात दोन माणसे असली की नवऱ्याच्या नावाच्या नळीत बायकोचे रक्त जायला एक फोन वाजणेही पुरते. अशी अदलाबदल यंत्राला कळत नाही. यंत्र दोन्ही आकडे निर्दोष काढते. जुने अहवाल असतील आणि कोणी ते शेजारी ठेवून पाहिले, तर एखादा आकडा अचानक उडी मारलेला दिसतो आणि शंका येते. पहिल्यांदाच तपासणी असेल तर तीही येत नाही.

त्या टेबलापाशी मला माझे वाक्य मिळाले. रक्ताचा सगळा प्रवास रुग्णाच्या डोळ्यांआड होतो. त्यातला एकच क्षण असा, की जो त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर घडतो आणि ज्याची खात्री तो स्वतः करून घेऊ शकतो. त्याने नळीवरचे नाव वाचावे. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला द्यावे, पण ते खरेच उपयोगाचे असावे, असे मला वाटते.

‘गोपनीय’ या शब्दाने मला सर्वांत जास्त दिवस झुलवले. शब्द कोशात शुद्ध आहे, पण मुंबईत तो एकटा येत नाही. लोकलच्या डब्यात, पुलाच्या खांबांवर चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या कागदांनी ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ या दोन्ही शब्दांना एक वास लावून ठेवला आहे. थायरॉइड तपासणाऱ्या बाईला ‘संपूर्ण गोपनीयता’ असे सांगितले, की तिला आपण काही लपवण्यासारखे करत आहोत असे वाटू लागते. मी तो शब्द काढला आणि त्याऐवजी साधे वाक्य लिहिले: ‘तुमची तपासणी कोणती, हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर यांच्याशिवाय कोणालाही कळणार नाही.’ मला ते फार आवडले होते. डॉक्टरबाईंनी ‘कोणालाही’खाली रेघ ओढली. क्षयरोगाचे निदान झाले तर ते सरकारी यंत्रणेला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि त्यातून प्रयोगशाळाही सुटत नाहीत. शिवाय नमुना हाताळणारी माणसेही आहेतच. मग जे पाळता येणार नाही ते लिहायचे कशाला? दोन दिवस मी नवा शब्द शोधत राहिले, आणि मग लक्षात आले, की शब्द शोधण्याआधी पद्धत बदलायला हवी. फाटकावर जर ‘ब्लड टेस्ट’ असे लिहिले जाणार असेल, तर पाव पानभर मी कितीही सुंदर मराठी लिहिले तरी ते खोटेच.

प्रयोगशाळेने ते ऐकले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. फाटकावर आणि इंटरकॉमवर फक्त टेक्निशियनचे नाव आणि खोली क्रमांक, ‘कशासाठी’च्या रकान्यात ‘घरगुती काम’. पिशवी साधी, निळी, बिनबोधचिन्हाची. यावर बोरिवलीच्या त्या आजींनी माझ्याकडे वेगळीच शंका काढली होती: ‘‘अगं, मग तो कोण आहे हे मला कसं कळणार? घरात आम्ही दोघंच.’’ मी गणवेशच काढून टाकायला निघाले होते, कारण मला फक्त मावशीची गॅलरी दिसत होती. एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो गणवेश हाच धीर असतो, हे मला त्यांनी शिकवले. शेवटी असे ठरले, की येणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र आदल्या रात्री फोनवर जाईल, ओळखपत्र तो खिशातून दारात दाखवेल, आणि तपासणीचे नाव दार ओलांडल्याशिवाय तोंडातून काढणार नाही.

फोनचा प्रश्न मात्र कोणालाच आधी सुचला नव्हता. घरोघर नोंदणी मुलगा करतो, सून करते, पुण्यातली लेक करते, आणि अहवाल नोंदणीच्या क्रमांकावर जातो. म्हणजे सुनेने स्वतःसाठी केलेल्या तपासणीचा अहवाल, घरच्या सवयीप्रमाणे सासऱ्यांचा क्रमांक दिलेला असल्यामुळे, सासऱ्यांच्या फोनवर उघडतो. कायदेशीर सल्लागारांनी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा दाखला देणारे एक लांबलचक वाक्य सुचवले होते. ते चूक नव्हते, पण त्या सुनेला त्यातून काहीच कळले नसते. त्याऐवजी टेक्निशियनने आत आल्यावर ज्याचे रक्त आहे त्यालाच विचारायचे: ‘अहवाल कोणत्या नंबरवर पाठवू?’ एवढे एक वाक्य टेक्निशियनसाठीच्या पुस्तिकेत घातले गेले.

मजकूर असा झाला. मथळा, ‘नळीवरचे नाव तुम्ही वाचा.’ त्याखाली:

‘डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आहे, पण केंद्रावर येणे जमत नसेल, तर आमचा माणूस घरी येईल. त्याचे नाव आणि छायाचित्र आदल्या रात्री तुमच्या फोनवर येईल. तुमची तपासणी कोणती, हे तो घराबाहेर बोलणार नाही. आत आल्यावर तो तुमचे पूर्ण नाव विचारेल. रक्त काढल्यानंतर नळीवर तुमच्या नावाची चिठ्ठी तुमच्यासमोर लावेल. ती वाचा, नाव चुकले असेल तर त्याला थांबवा. अहवाल तुम्ही स्वतः सांगाल त्याच क्रमांकावर जाईल. कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांखेरीज, उदाहरणार्थ क्षयरोग, तो आम्ही इतर कोणालाही देणार नाही. नमुना वाटेत खराब झाला तर आम्ही त्यावरून आकडा देणार नाही. कारण सांगू आणि पैसे न घेता पुन्हा येऊ. काही तपासण्यांसाठी केंद्रावरच यावे लागते. ते नोंदणीच्या वेळीच सांगू.’

‘नमुना खराब झाला तर’ या वाक्यावर सर्वांत मोठी बैठक झाली. अधिकाऱ्याचे म्हणणे होते, की आपणच आपली चूक छापतो आहोत. मी त्याला दहिसरच्या शिक्षिकेची गोष्ट सांगितली आणि विचारले, की तुझ्या आईचा ५.९ आकडा आला असता, तर तिला तो तसाच पाठवणारी प्रयोगशाळा हवी होती की नळी हातात घेऊन पाहणारी? तो बराच वेळ गप्प राहिला आणि वाक्य ठेवा म्हणाला. क्षयरोगाचा अपवाद तळाशी बारीक इंग्रजीत टाकावा, अशीही एक सूचना आली होती. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाव्याची भाषा तीच खुलाशाची भाषा असावी लागते, त्यामुळे तो मराठीत, त्याच टाइपात आणि त्याच परिच्छेदात राहिला. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचे चिन्हही अधिकाऱ्याला मोठे हवे होते. ती मान्यता प्रयोगशाळेतल्या ठरावीक तपासण्यांना मिळते, सरसकट सगळ्यांना मिळत नाही. म्हणून चिन्हाखाली ‘मान्यता असलेल्या तपासण्यांची यादी केंद्रावर पाहायला मिळेल’ अशी ओळ आली आणि चिन्ह आपोआप लहान झाले.

जूनमध्ये जाहिरात छापून आली. मी कात्रण मावशीला दिले. तिने चष्मा लावून, ओठ हलवत, दोनदा वाचले. तिला पुढच्या आठवड्यात थायरॉइडची तपासणी करायची होती. ‘‘बोलाव,’’ ती म्हणाली. मी माझ्या फोनवरून नोंदणी केली.

तो आला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि गॅलरीत ओले कपडे वळचणीला टांगलेले होते. शेजारच्या दारातून विचारणा झाली, ‘‘कोण पाहिजे हो?’’ त्याने खोलीचा क्रमांक सांगितला. दारात ओळखपत्र दाखवले, आत आला, चपला काढल्या, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पिशवी उघडण्याआधी म्हणाला, ‘‘तुमचं पूर्ण नाव सांगाल का?’’ मावशीने माहेरच्या शाळेत हजेरी देत असल्यासारखे ताठ बसून तिन्ही नावे सांगितली. त्याने फोनकडे पाहिले, पुन्हा मावशीकडे पाहिले, आणि पट्टा खाली ठेवला. नोंदीत माझे नाव होते. घाईत मी रुग्णाच्या रकान्यात नेहमीसारखे स्वतःचेच नाव भरले होते, वयही माझेच.

मी म्हटले, ‘‘अहो, मीच भरलंय, घ्या रक्त, नंतर बदलू.’’ तो म्हणाला, ‘‘नंतर नाही, ताई,’’ आणि केंद्रावर फोन लावला. नवी नोंद यायला अकरा मिनिटे लागली. मावशी उपाशी होती, मी अस्वस्थ होते, आणि तो शांतपणे भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत बसला होता. मग त्याने रक्त घेतले, छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघाली, ती नळीवर लागली. ‘‘वाचून बघा,’’ तो म्हणाला. मावशीने कापूस दाबलेला हात तसाच दुमडून ठेवला, दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर सरकवला, नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि नाव वाचले, मग तिच्या नवऱ्याचे नाव वाचले, मग आडनाव एकेक अक्षर सुटे करत वाचले. ‘‘बरोबर आहे,’’ तिने सांगितले.

‘‘अहवाल कोणत्या नंबरवर पाठवू?’’ त्याने विचारले, तेव्हा मी तोंड उघडले होते. मावशीने माझ्याकडे न पाहता स्वतःचा नंबर सांगितला.